चेंडू सोपा करण्यात कमीपणा कसला?

मैदानाच्या कडेला, शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत एक मत फार ठामपणे मांडलं जातं. ज्या मुलाला चेंडू झेलता येत नाही त्यालाही इतरांसारखाच चेंडू द्यावा, तेवढ्याच अंतरावरून आणि तेवढ्याच वेगानं. सोपं करून दिलं की मुलाला सोप्याचीच सवय लागते. सराव व्हायचा तो खऱ्या खेळात होऊ द्यावा. वेगळा चेंडू, वेगळी जागा, जादा वेळ म्हणजे लाड. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे वाक्य शेवटी येतंच.

हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यातली बरीच माझ्याच पेशातली आहेत, मुलांसाठी उन्हात उभी राहणारी आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. एका ठराविक मुलाच्या बाबतीत त्यांचं मत सपशेल चुकीचं आहे, आणि ते मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं.

ते मूल ओळखायला अवघड नाही. आठ-नऊ वर्षांचं, बोलण्यात हुशार, अभ्यासात बहुधा ठीक. पण बुटाची नाडी बांधायला त्याला अजून मदत लागते, डबा उघडताना सांडतो, ओळीत चालताना पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. चेंडू आला की हात पुढे जातात आणि चेंडू निसटतो. घरी त्याला वेंधळा म्हणतात, मैदानावर ‘हाताला लोणी लावलंय का’ विचारतात. वैद्यकात याला विकासात्मक समन्वय विकार म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी डीसीडी. डिस्प्रॅक्सिया हा शब्द अधिक जुना आणि आपल्याकडे अधिक ओळखीचा. साधारणपणे शाळकरी वयातली शंभरातली पाच-सहा मुलं यात येतात. म्हणजे पंचेचाळीस जणांच्या वर्गात दोन-तीन. यात बुद्धीचा दोष नसतो, स्नायूंत दुबळेपणा नसतो आणि आळस तर नसतोच. हालचाल शिकण्याची आणि ती वेळेवर नीट जुळवण्याची क्षमता वयाच्या मानानं बरीच मागे असते.

‘मोठा झाला की जमेल’ हा दिलासाही इथेच बाजूला ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये शीला हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या वयात अशी ओळखलेली मुलं दहा वर्षांनी पुन्हा तपासली. 1991 साली छापलेल्या त्या अभ्यासात बहुतेकांच्या अडचणी सोळाव्या वर्षीही टिकून होत्या. फिनलंडमधल्या अभ्यासात चित्र थोडं बरं होतं, पण पंधराव्या वर्षी जवळपास निम्मी मुलं अजूनही मागेच होती. वाट बघत बसलं तर काही मुलं सुटतात, पुष्कळशी सुटत नाहीत. आणि वाट बघण्याची ती वर्षं मूल मैदानाच्या कडेला काढतं.

आता मूळ युक्तिवादाकडे येऊ. ‘खरा चेंडू, खरं अंतर, त्यातच सराव.’ यात गृहीत काय आहे? खऱ्या खेळात त्या मुलाला सराव मिळतो, हे. तो मिळतो का, ते मोजून बघू. खेळाचा तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात पंचेचाळीस मुलं, चेंडू एक. दर सात सेकंदांनी एक फेक झाली आणि एक मिनिटही वाया गेलं नाही असं धरलं, तर तासात तीनशे फेकी होतात. सगळ्यांना समान वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात येतात. पण समान वाटप कुठे होतं? ज्याला झेलता येतो त्याच्याकडे चेंडू परत परत जातो. ज्याच्या हातून निसटतो त्याला लांबवर, जिथे चेंडू येणार नाही अशा जागी उभं करतात. काही दिवसांत ते मूल स्वतःहूनच तिथे जाऊन उभं राहतं. त्याच्या वाट्याला अख्ख्या तासात एखादा चेंडू आला तर आला, आणि तोही निसटला. याला सराव कसं म्हणायचं? उलट कोपऱ्यात जोडीनं, दहा सेकंदांना त्याच्याकडे एक फेक अशा निवांत वेगानं दहा मिनिटं घेतली, तरी साठ प्रयत्न होतात. ज्या मुलाला शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळा करून बघावं लागतं, त्यालाच आपल्या मैदानाची रचना सगळ्यात कमी वेळा चेंडू देते. ‘खऱ्या खेळात सराव’ म्हणणाऱ्यांनी या हिशेबाला उत्तर द्यावं.

बरं, समजा चेंडू पुरेसे मिळाले. तरी अवघड चेंडू शंभर वेळा सोडून काय शिकता येतं? इथे झेल म्हणजे काय घडतं ते जरा जवळून बघायला हवं. तीन मीटरवरून खालून, जरा सरळ टाकलेला चेंडू अर्ध्या ते पाऊण सेकंदात हातापाशी येतो. तो हाताला लागल्यावर बोटं मिटायची ठरवली तर उशीर झालेला असतो, कारण स्पर्श जाणवून बोटं हलेपर्यंत चेंडू उडालेला असतो. म्हणून झेलणारा आधीच अंदाज घेतो. चेंडू कुठे येईल हे पाहून हात नेतो, कधी येईल हे ओळखून लागण्याच्या किंचित आधीच बोटं मिटायला लागतात, आणि कोपर वाकवून धक्का पोटाकडे जिरवतो. डीसीडी असलेल्या मुलांत हाच आगाऊ अंदाज कच्चा असतो, असं या क्षेत्रातले बरेच संशोधक मानतात. बेल्जियममध्ये या मुलांच्या झेलांचं चित्रण करून अभ्यास झाला, त्यात एक गोष्ट लक्षात आली. त्यांचा हात बऱ्याचदा चेंडूपर्यंत पोचलेला असतो. फसतं ते पकडताना.

म्हणजे ‘चेंडूकडे बघ’, ‘जोर लाव’, ‘मन लावून कर’ या हाका मुलाला उपयोगाच्या नाहीत. ते बहुधा बघतच असतं. आणि प्रत्येक निसटलेल्या झेलातून त्याला एवढंच कळतं की निसटला. उशीर झाला, हात चुकीच्या जागी होता की डोळे मिटले होते, हे ओळखायलाही काही झेल जमलेले असावे लागतात. दहापैकी शून्य जमणाऱ्या मुलाकडे तुलना करायला काही नसतं. सोपं काम हे त्याच्यासाठी शिकण्याचं साधन आहे, कारण त्यातच त्याला जमलेला आणि न जमलेला झेल शेजारी शेजारी मिळतो.

आणि त्या पोहण्याच्या दाखल्याविषयी. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा मुलाच्या पाठीला पांगाऱ्याचं लाकूड, वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. मूल पाण्यातच असतं, हातपायही खरेच मारत असतं, फक्त बुडत नाही. मग हळूहळू डबा काढतात. त्या मुलाला कुणी खोटं पोहलं म्हणत नाही. चेंडूच्या बाबतीत आम्ही एवढंच मागतो आहोत.

आता सोपं करणं म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे, कारण विरोधकांच्या मनातलं चित्रही पुष्कळदा चुकीचं असतं. त्यांना वाटतं, मुलाला फुगा द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या. तसं करणारे आहेतही, आणि त्यांच्यावरची टीका मला मान्य आहे. फुगा संथ येतो म्हणून डोळ्यांनी पाठलाग करायला सुरुवातीला बरा. पण तो वाऱ्यानं भरकटतो, त्याला वजन नाही, आणि त्यावर बोटं मिटण्याची वेळ शिकताच येत नाही. महिनाभर फुगा झेलून मूल फुगा झेलण्यातच पटाईत होतं. सोपं करायचं ते कुठे अडतंय हे पाहून.

ते पाहायला यंत्र लागत नाही. चेंडू निसटल्यावर तो कुठे गेला, एवढं बघावं. तळव्याला लागून पुढे उडाला तर हात जागेवर होते, बोटं उशिरा मिटली. दोन हातांमधून निघून छातीला लागला किंवा मनगटावर आदळला, तर हात चुकीच्या जागी होते. आणि चेंडू येण्याआधीच मान वळली, खांदे वर गेले, डोळे मिटले, तर आधी भीतीचं बघायचं, बाकीचं नंतर.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. बोटं उशिरा मिटत असतील तर उसळणारा चेंडू बाजूला ठेवून कापडी पिशवी घ्यावी. जुन्या सुती कापडाची, तळहाताएवढी, आत चिंचोके किंवा ज्वारी, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. ती हातात पडली की उडत नाही, जागेवर बसते, आणि मुलाला मिटायला तेवढा क्षण जास्त मिळतो. मोज्यांचा गुंडाळून केलेला किंवा चिंध्यांचा चेंडूही चालतो. हात जागेवर जात नसतील तर चेंडू मोठा करायचा, वीसेक सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्यातली हवा थोडी कमी करायची, म्हणजे बोटं त्यात रुततात. फेक मात्र दर वेळी त्याच जागी, पोटाच्या उंचीवर आली पाहिजे. भीती असेल तर चेंडू हवेतून टाकूच नये. समोरासमोर जमिनीवर पाय फाकवून बसावं आणि घरंगळत सोडावा. मग एक टप्पा. टप्प्याचा चेंडू समोरून तोंडाकडे येत नाही, वर चढतो आणि माथ्याशी क्षणभर मंदावतो. तिथे पकडायला सोपं जातं.

या सगळ्यात एक शिस्त आहे आणि तीच बहुधा मोडली जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चेंडू बदलला तर अंतर तेच. अंतर वाढवलं तर चेंडू तोच. दहापैकी सात-आठ झेल जमायला लागले की एक पायरी अवघड करायची, चाराच्या खाली आले की एक पायरी मागे यायचं. हा आकडा आमच्या सरावातला आहे, त्यात शास्त्राचा आव नाही. पण तो हाताशी असला की ‘अजून तयार नाही’ आणि ‘आता जमतंय’ यातलं भांडण मिटतं.

एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. तिसरीतली, आठ वर्षांची. तिला इथे मुक्ता म्हणू. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं तिची मूव्हमेंट एबीसी नावाची चाचणी घेतली होती. या चाचणीत तिच्या वयाच्या मुलांना भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून टेनिसचा चेंडू भिंतीवर मारायचा आणि परत आलेला दोन्ही हातांनी पकडायचा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलांना एक टप्पा पडू दिलेला चालतो. दहापैकी मुक्ताला एक जमला. बाकीचे बहुतेक तळव्याला लागून पुढे उडाले. कोपर ताठ, हात ट्रे धरल्यासारखे समोर. म्हणजे वर सांगितलेला पहिला प्रकार.

सुरुवात चिंचोक्यांच्या पिशवीनं झाली. जोडीदार दीड मीटरवर, खालून टाकलेली फेक पोटाच्या उंचीवर. ‘कोपर वाकव’ असं तिला सांगून उपयोग नव्हता, कारण मग ती कोपराकडेच लक्ष द्यायची आणि पिशवी खाली पडायची. ‘पिशवी आली की तिला पोटाशी घे’ म्हटल्यावर कोपर आपोआप वाकले. सूचना शरीराच्या भागाविषयी देण्यापेक्षा चेंडूचं काय करायचं याविषयी दिली तर पुष्कळदा लवकर पोचते. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेनं हालचाल शिकवण्याच्या क्षेत्रात यावर भरपूर काम केलं आहे. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, प्रार्थनेच्या आधी. पिशवी लवकरच दहात आठ जमायला लागली.

इथे एक धोका होता. पिशवी ओंजळीत पडते आणि बसते, त्यामुळे बोटं मिटली नाहीत तरी झेल झाल्यासारखा दिसतो. म्हणून पिशवीवर फार रेंगाळायचं नाही, पुढचा चेंडू आणायचा. घरी मोठ्या भावानं उत्साहानं तो स्वतःच आणला. प्लास्टिकचा, फुगवून टणक झालेला, आणि लगेच टप्प्यानं, अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून. चेंडू, टप्पा आणि अंतर तिन्ही एकदम बदललं. दहात दोन. मुक्ता म्हणाली, मला चेंडूच नको. ‘सोपं करून काही होत नाही’ हे मत बऱ्याचदा अशाच दिवशी तयार होतं. पिशवी आणि टणक चेंडू यांच्या मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात, हे लक्षात येत नाही. त्याच चेंडूतली हवा कमी केली, अंतर पुन्हा दीड मीटर, टप्पा नाही. दहात सहा, आणि त्या आठवड्याच्या अखेरीस आठ. मग त्याच चेंडूनं टप्पा. मग अंतर.

टेनिसच्या चेंडूपर्यंत आल्यावर नवी अडचण दिसली. मुक्ता फेकायच्या आधी भिंतीकडे पाहतच नव्हती. त्यामुळे चेंडू कधी डावीकडे, कधी डोक्यावर, आणि परत येणारा चेंडू दर वेळी नव्या ठिकाणी. भिंतीवर तिच्या छातीच्या उंचीवर खडूनं वर्तुळ काढलं. फेकण्याआधी त्या वर्तुळावर नजर स्थिर ठेवायची, मग फेकायचं, आणि चेंडू भिंतीवरून सुटला की हातात येईपर्यंत त्यावरून नजर काढायची नाही. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये मार्क विल्सन, शार्लट माइल्स आणि सहकाऱ्यांनी डीसीडी असलेल्या मुलांना फेकण्याआधी आणि झेलताना कुठे बघायचं हे शिकवून झेल सुधारतो का ते तपासलं, आणि नुसत्या हालचालीच्या सूचनांपेक्षा नजरेच्या सरावानं जास्त फायदा झाल्याचं 2015 मध्ये छापलं. आम्ही त्यात एक साधी भर घातली. चेंडूवर स्केचपेननं लाल आणि निळा ठिपका काढला आणि झेलल्यावर विचारलं, हाताला लागण्याआधी कोणता दिसला? चूक-बरोबर महत्त्वाचं नव्हतं. प्रश्न विचारणार हे माहीत असल्यामुळे नजर चेंडूवर टिकायची.

शेवटी तीच परीक्षा, भिंतीपासून दोन मीटर, एका टप्प्यानं दहात सात. टप्पा न पडू देता चार. आणि धावत जाऊन घ्यायचा झेल तिला अजून जमत नाही. ते मी लपवणार नाही, कारण ते वेगळं काम आहे आणि त्याच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. आधी एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे, आणि तेही आधी सांगून. गल्लीतल्या लगोरीत मात्र ती आता चेंडू हातात घेऊन मारायला उभी राहते, तिच्याकडे टाकलेला सोपा चेंडू ती घेते. तिला हवं होतं तेही तेवढंच. ‘मला लगोरीत घेतलं पाहिजे’ असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

दुसरा विरोध वेगळ्या बाजूनं येतो आणि तो अधिक सुशिक्षित वाटतो. चेंडूवर काय मेहनत घेता, आधी मूळ दुरुस्त करा, असं ही मंडळी म्हणतात. तोल सुधारा, झोपाळ्यावर बसवा, फळीवर उभं करा, संवेदना जुळवा, मग चेंडू आपोआप येईल. ही आशा जुनी आहे. जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाची पद्धत मांडली. ज्युडिथ लास्लो यांनी 1980च्या दशकात सांधे आणि स्नायूंची जाणीव वाढवण्याचा स्वतंत्र सराव दिला. पण नंतरच्या चाचण्यांत या सरावाचा दावा टिकला नाही. बाउविन स्मिट्स-एंगल्समन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा जे काम शिकायचं तेच थेट शिकवणाऱ्या पद्धतींचा परिणाम ठळक दिसला, आणि आतली प्रक्रिया दुरुस्त करू पाहणाऱ्या पद्धतींचा क्षीण. या विकारावरच्या 2019च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कलही थेट कामाच्या सरावाकडेच आहे. फळीवर उभं राहण्याचा सराव केला तर मूल फळीवर उभं राहायला शिकतं. झेल हवा असेल तर झेल शिकवावा लागतो. हाच नियम आमच्याही विरुद्ध लागू होतो आणि तो आम्हाला मान्य आहे. मुक्ताचा झेल सुधारला म्हणून तिचं अक्षर सुधारलं नाही. सुधारेल असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर पालकांनी देऊ नयेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. वेगळा चेंडू आणि वेगळा कोपरा दिला की मूल सगळ्यांच्या डोळ्यांत येतं, आणि जादा सराव म्हणजे शिक्षाच होते. होते, जर तो मधल्या सुट्टीत घेतला तर. मधली सुट्टी त्या मुलाचीही असते. सराव तेव्हा घेणं म्हणजे न जमल्याबद्दल खेळ काढून घेणं. पण यातून निष्कर्ष निघतो तो वेळ आणि मांडणी बदलण्याचा. सराव सोडून देण्याचा निघत नाही. तासाची पहिली दहा मिनिटं अख्ख्या वर्गाला जोड्या पाडून द्यावीत, टोपलीत चिंचोक्यांच्या पिशव्या, मऊ चेंडू आणि टेनिसचे चेंडू ठेवावेत, आणि ज्यानं त्यानं आपापलं अंतर निवडावं. चांगला खेळणारा पाच मीटरवरून एका हातानं झेलेल, मुक्ता दीड मीटरवरून. त्यात कुणी वेगळं दिसत नाही. शिवाय आधी काढलेला हिशेब आठवावा. पंचेचाळीस मुलांत एक चेंडू ठेवण्यापेक्षा हे सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. पिशव्या शिवायला खर्च कापडाचा आणि चिंचोक्यांचा.

‘शिक्षकच नाही तर करणार कोण’ हा प्रश्न यापुढे येतो आणि त्याला उडवून लावता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. म्हणजे ज्या वयात हे शिकवायला हवं त्या पहिली ते पाचवीत वर्गशिक्षिकाच सगळं करते. पण वर लिहिलेल्या गोष्टींत पदवी लागेल असं काही नाही. निसटलेला चेंडू कुठे गेला ते बघणं, एका वेळी एक गोष्ट बदलणं, दहातले किती जमले ते मोजणं. हे वर्गशिक्षिकेला दाखवायला एक दुपार पुरते. घरी आजोबा, आत्या, मोठी बहीण कुणीही करू शकतं. त्यांना फक्त सांगून ठेवायचं, दर झेलाला ‘शाब्बास’ म्हणू नका, ‘कुठे लागला’ ते मुलालाच विचारा. काय करायचं ते ठरव, कसं करणार ते सांग, करून बघ, मग जमलं का ते तपास, हा क्रम कॅनडातल्या हेलेन पोलाटाज्को आणि अँजेला मँडिच यांच्या पद्धतीचा आहे. तो अंगणातही चालतो.

जिथे हे सगळं थांबवून आधी डॉक्टरकडे जायला हवं, तेही सांगितलंच पाहिजे. पूर्वी जमत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, शरीराची एकच बाजू मागे राहते आहे असं दिसलं, वारंवार पडू लागलं, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत टेकवत उभं राहू लागलं, तर तो चेंडूचा प्रश्न नाही. तिथे एक दिवसही चिंचोक्यांच्या पिशवीत घालवू नये. आणि डोळे तर प्रत्येकाचेच आधी तपासून घ्यावेत. चष्म्याच्या नंबरामुळे किंवा तिरळेपणामुळे निसटणारा झेल सरावानं येत नाही.

राहिला तो मवाळ सल्ला. ‘कशाला चेंडूच्या मागे लागता, त्याला बुद्धिबळ द्या.’ देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून तो जास्त पसरतो. बुद्धिबळ जरूर द्यावं. पण मधल्या सुट्टीत मुलं काय खेळतात ते जाऊन बघावं. क्रिकेट, लगोरी, आबाधुबी. मेरी स्मिथ आणि हेदर अँडरसन यांनी ब्रिटनमधल्या शाळांच्या अंगणात या मुलांचं निरीक्षण करून 2000 साली लिहिलं की ती एकटी किंवा कडेला बघत उभी जास्त राहतात, आणि असे मुलगे फुटबॉलसारख्या सांघिक खेळात कमी दिसतात. मैत्री जिथे जुळते ती जागा चेंडूभोवती असेल तर पर्याय देऊन मुलाला तिथून हलवणं हा निर्णय मोठ्यांनी परस्पर घेऊ नये. मुलालाच चेंडू नको असेल तर तो विषय संपला, सायकल किंवा पोहणं घ्यावं. पण ‘नको’ हे उत्तर पुष्कळदा शंभर वेळा निसटल्यानंतरचं असतं. ते दीड मीटरवरून पिशवी झेलून झाल्यावर एकदा पुन्हा विचारावं.

2016च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचा अर्थ आपण परीक्षेतला जादा वेळ एवढाच लावला. लेखी पेपरला जादा वेळ देताना तो लाड आहे असं आता सहसा कुणी म्हणत नाही. मैदानावर त्याच मुलाला जादा वेळ आणि वेगळा चेंडू मागितला की लाड कसा होतो? खेळाच्या नोंदीत ‘समाधानकारक’ किंवा ‘प्रयत्न आवश्यक’ लिहिण्याऐवजी शिक्षकानं एक ओळ लिहावी: कोणता चेंडू, किती अंतर, टप्प्यानं की थेट, दहापैकी किती. मुक्ताच्या नोंदीत आज आहे: टेनिसचा चेंडू, भिंतीपासून दोन मीटर, टप्प्यानं सात, थेट चार. जूनमध्ये तिला जो नवा शिक्षक मिळेल, त्यानं थेट झेलापासून सुरुवात करावी, आणि दहात चाराच्या खाली गेली तर पुन्हा टप्पा पडू द्यावा.